घरचा हिशेब : पाच लाखांत घर किती महिने चालेल?

माजलगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पतीचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान, वय 30. दोन लहान मुले, सोबत सासूबाई. घरखर्च महिन्याला 18 हजार. नात्यातल्या एका एजंटाने दोन पॉलिसी सुचवल्या आहेत: एक एंडोमेंट, एक युलिप. दोन्हींत वर्षाला 25 हजारांचा हप्ता, मुदत 20 वर्षे. टर्म विम्याबद्दल विचारले तर तो म्हणतो, "भाभी, त्यात माणूस जगला तर पैसे गेलेच की!" काय करावे, असे त्या विचारतात.

भगिनी, आधी एकच प्रश्न विचारा. अल्लाह न करो, उद्या कमावणारा माणूस राहिला नाही, तर हातात काय येईल?

एंडोमेंटमध्ये विमा रक्कम 5 लाख आहे. तुमच्या खर्चाने ती 28 महिनेसुद्धा पुरणार नाही. युलिपमध्ये विमा बहुधा हप्त्याच्या दहापट, म्हणजे अडीच लाख. तो 14 महिन्यांत संपेल. टर्म विम्यात परतीचा भाग नसतो, म्हणून तो स्वस्त पडतो. निर्व्यसनी, निरोगी तिशीच्या माणसाला 50 लाखांच्या विम्यासाठी वर्षाला 7 हजार धरू. हे 50 लाख नुसते घरात ठेवून खर्च केले, तरी 23 वर्षे चालतील.

आता परतीचे पाहू. एंडोमेंटमध्ये दर हजारी 42 रुपये बोनस दरवर्षी मिळाला असे धरले, तर 20 वर्षांनी सुमारे 9 लाख 20 हजार होतात. म्हणजे परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास. जाहीर होण्याआधी बोनसची हमी नसते. टर्मचे 7 हजार वजा जाता उरलेले 18 हजार, म्हणजे महिना दीड हजार, म्युच्युअल फंडात टाकले तर? आठ टक्क्यांनी सुमारे 8 लाख 90 हजार, दहा टक्क्यांनी साडेअकरा लाख, आणि सहाच टक्के मिळाले तर सात लाखांच्या आत. फंडात नेहमी जास्तच मिळते असे कोणी सांगितले तर मानू नका. खरा फरक शेवटच्या रकमेत नसून मधल्या 20 वर्षांतल्या दहापट संरक्षणात आहे.

दुसरा फरक आपल्या बीडच्या माणसाला लवकर कळेल. पाऊस हुकला, विहिरी आटल्या की मोटारी चालत नाहीत, जळतही नाहीत, आणि दुकान थंड पडते. अशा वर्षी 25 हजार भरायचे कुठून? फंडाची एसआयपी थांबवता येते, आधीचे पैसे तिथेच राहतात. टर्मचे 7 हजार मात्र कसेही करून भरा. तो हप्ता चुकला तर विमा बंद पडतो. युलिपमध्ये पाच वर्षांआधी पैसे हाती येत नाहीत, आणि विमा खर्च व फंड व्यवस्थापनाचे शुल्क तुमच्याच रकमेतून कापले जाते.

पॉलिसी आधीच घेतली असेल तर घाईने मोडू नका. कागद हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत असाल तर ती परत करता येते. किरकोळ खर्च कापून पैसे मिळतात. जुनी एंडोमेंट असेल तर कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती, आणि पेड-अप केली तर किती. 20 पैकी 5 हप्ते भरून पेड-अप केलेल्या 5 लाखांच्या पॉलिसीत विमा रक्कम सव्वा लाख उरते, जमलेला बोनस वेगळा. आणि टर्म विमा मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी चालूच ठेवा. अर्जात आजार किंवा तंबाखू लपवू नका, नाहीतर दावा अडकतो.

टर्म विम्याला उत्पन्नाचा पुरावा लागतो. दुकानदाराने आयकर विवरणपत्र भरलेले असावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला 50 लाखांचा विमा मिळणे अवघड आहे. त्यांनी निदान बँकेत पंतप्रधान जीवनज्योती योजना घ्यावी: वर्षाला 436 रुपये, 2 लाखांचा विमा, वय 18 ते 50. मे अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी.

राहिला व्याजाचा प्रश्न. एंडोमेंटचा पैसा मोठ्या प्रमाणात सरकारी रोखे व कर्जरोख्यांत जातो, म्हणजे बोनसमागे व्याज असते. वेगळी गुंतवणूक केली तर टाटा एथिकलसारखा शरियतच्या कसोट्या पाळणारा शेअर फंड निवडता येतो. मात्र तो पूर्ण शेअरचा असल्याने वरखाली होतो. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा त्यात नको. खुद्द विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून ती बाब आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवा.

एजंट पुन्हा आला की त्याला चहा द्या आणि विचारा, "यात 50 लाखांचा विमा कितीला बसेल?"