गोणीमागे दहा लिटर

मे महिन्यात यवतमाळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि नेमकी तेव्हाच पावसाळ्याआधी स्लॅब उरकायची घाई जिल्हाभर असते. मिक्सरमधून पडलेला माल वर पोचेपर्यंत घट्ट होतो, घमेल्याला चिकटतो, सळयांच्या जाळीखाली उतरत नाही. वरून आवाज येतो, 'माल पातळ सोडा', आणि मिक्सरवाला ड्रममध्ये आणखी पाणी ओततो. पुढचा माल सुरळीत पसरतो, फळी छान फिरते, काम वेळेत संपतं. त्या जास्तीच्या पाण्याने काय नेलं हे त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. म्हणून त्याचा हिशेब आपण कागदावर मांडू.

पन्नास किलोची एक गोणी घ्या. साध्या आरसीसी कामासाठी, सौम्य वातावरणात, आयएस ४५६ पाणी-सिमेंट गुणोत्तराची मर्यादा ०.५५ ठेवतं. म्हणजे गोणीमागे साडेसत्तावीस लिटर पाणी. त्यात पाच लिटर वाढले की गुणोत्तर ०.६५ होतं, दहा लिटर वाढले की ०.७५. ०.५५ ला अठ्ठावीस दिवसांत साधारण ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर देणारं काँक्रीट ०.६५ ला बाविसाच्या आसपास येतं आणि ०.७५ ला सतरा-अठरावर. सिमेंट, गिट्टी, आकडे बदलतील, उताराची दिशा बदलणार नाही. शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी असंख्य नमुने फोडून १९१८ मध्ये हाच संबंध मांडला. दहा लिटर पाण्यात ताकदीचा जवळपास चाळीस टक्के हिस्सा जातो. तोच माल एम २० म्हणून लावला असेल, तर तो एम २० उरलेला नसतो.

हे का घडतं, ते समजलं की बाकीचे वाद आपोआप सुटतात. पन्नास किलो सिमेंट पूर्णपणे पाण्याशी संयोग पावलं, तर त्याला रासायनिक बांधणीसाठी सुमारे साडेअकरा लिटर पाणी लागतं. आणखी साडेनऊ लिटर तयार झालेल्या जेलच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत अडकून राहतं. झाले एकवीस. साडेसत्तावीसपैकी उरलेले साडेसहा लिटर सिमेंटच्या कणांमध्ये जागा अडवून बसतात आणि पुढे वाळले की तितकीच पोकळी मागे ठेवतात. सिमेंट प्रत्यक्षात कधीच पूर्ण मुरत नाही, त्यामुळे खरी पोकळी याहूनही जास्त. आता वरचे दहा लिटर पाहा. त्यांतल्या एका थेंबालाही बांधणीत काम नाही, ते सगळे पोकळीच होणार. एका गोणीचा माल दीडशे-एकशे साठ लिटर भरतो, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास नवी पोकळी आपण हाताने त्यात घातली. पाणी-सिमेंट गुणोत्तर ठरवतं ते हेच: सिमेंटचे कण एकमेकांपासून किती दूर उभे राहतील, आणि मधली जागा भरून काढायला पुरेसं जेल तयार होईल की नाही.

या गुणोत्तराने मालाचा पातळपणा मात्र ठरत नाही, आणि साइटवरचा सगळा घोळ इथेच होतो. पातळपणा ठरतो तो घनमीटरमागे एकूण पाणी किती, गिट्टी गोल की चपटी, रेतीत बारीक भाग किती, यांवर. ताकद पाण्या-सिमेंटाच्या प्रमाणावर. दोन वेगळ्या गोष्टी एकाच नळाने सोडवायला गेलो की एक बिघडते. पातळ माल हवाच असेल तर पाण्याबरोबर सिमेंटही वाढवता येतं: दहा लिटर पाण्यामागे अठरा किलो सिमेंट टाकलं तर गुणोत्तर ०.५५ च राहतं. ते महाग पडतं आणि आकुंचनाच्या भेगाही वाढवतं, म्हणून प्लास्टिसायझर बरा. साध्या प्लास्टिसायझरला गोणीमागे शे-अडीचशे मिलिलिटर पुरतात.

यावर मिस्त्री जे म्हणतो ते खोटं नाही. दाट सळयांत घट्ट माल बसत नाही, मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात आणि तेवढ्यानेही ताकद पडते. अब्राम्सचा नियम लागू होतो तो पूर्ण दबलेल्या काँक्रीटलाच. ठोकून बसणार नाही असा माल कागदावर ०.४५ चा असला तरी त्याचा उपयोग नाही. पण मग तक्रार मिक्सरवाल्याबद्दल नको, सळयांची दाटी न पाहता स्लम्प ठरवणाऱ्याबद्दल हवी. नीडल व्हायब्रेटर साइटवर नसेल तर प्रश्न पाण्याने सुटत नाही.

दुसरा आक्षेप उन्हाचा: पाणी उडून जातं, ते भरून काढतो. काही अंशी हे बरोबर आहे. तापलेली कोरडी गिट्टी पाणी शोषते, थोडं हवेतही जातं. पण तापमानाने सिमेंटची क्रियाही वेगाने सुरू होते आणि माल त्यामुळेही आवळतो. तो आवळलेला भाग पाण्याने परत सुटत नाही, फक्त त्याच्याभोवती नवी पोकळी तयार होते. किती उडालं हे मोजलेलं नसतं, ओतलेलंही मोजलेलं नसतं. गिट्टी आदल्या संध्याकाळी भिजवून सावलीत ठेवली, स्लॅब पहाटे सुरू केला, टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि लागलाच तर रिटार्डर वापरला, तर वरून हाक येत नाही. पावसाळ्यात उलटं घडतं. ओल्या रेतीतून पाच टक्क्यांनी गोणीमागे चारेक लिटर पाणी न सांगता येतं. ते वजा केलं नाही तर बादली न ओतताही ०.५५ चं ०.६३ होतं.

पाणी भरपूर मारू, ताकद भरून येईल, हा तिसरा आक्षेप. क्युरिंगने सिमेंट मुरतं, पोकळ्या आकुंचतात हे खरं. पण ०.४५ च्या मालात पोकळ्यांची साखळी आठवड्याभरात तुटते, ०.६० ला सहा महिने ओलावा टिकवावा लागतो, आणि ०.७० च्या पुढे ती कधीच तुटत नाही. त्याच साखळीतून पावसाचं पाणी सळईपर्यंत जातं. '५३ ग्रेडचं सिमेंट आहे' या भरवशाचंही तसंच. जिल्ह्यात मुकुटबनला सिमेंट तयार होतं, शेजारी चंद्रपुरात कारखान्यांची रांग आहे, माल ताजा मिळतो. पण गोणीवरचा ५३ हा आकडा प्रयोगशाळेत ठरावीक, सुमारे ०.४ गुणोत्तराच्या मसाल्यावर मिळालेला असतो. ०.७५ च्या ड्रमला तो लागू नाही.

राहिला क्यूबचा दाखला. तीन क्यूब पास झाले, मग स्लॅब कमजोर कसा? बहुधा क्यूब भरले मिक्सरच्या तोंडाशी, आणि पाणी पडलं त्यानंतर, वर फळीजवळ. शेवटचं पाणी मिसळल्यानंतरचा, प्रत्यक्ष स्लॅबवर पडणाराच माल साच्यात गेला पाहिजे. शिवाय डोळ्यांनाही दिसतं: फळी फिरल्यावर वर पाण्याचा थर साचला, दुसऱ्या दिवशी खरवडलं तर पांढुरकी भुकटी निघाली, तर माल पातळ गेलेला आहे. तेव्हा कोअर काढून पाहणं उरतं. आयएस ४५६ प्रमाणे कोअरची समतुल्य सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांखाली नको. त्यापेक्षा मिक्सरजवळ साडेसत्तावीस लिटरची खूण केलेला डबा ठेवावा, रेतीच्या ओलीप्रमाणे सकाळी ती खूण खाली सरकवावी, आणि डब्याबाहेरचं पाणी ड्रममध्ये टाकायचा अधिकार साइट इंजिनिअरखेरीज कुणाला देऊ नये.