केरब्याची माळ आणि मिठाचें पाणी

गेल्या महिन्यांत आमच्या वाचकवर्गांतील एका वृद्ध भगिनींनीं पिवळ्या मण्यांची एक माळ आमच्या हातीं ठेवून तिच्याविषयीं आमचा अभिप्राय विचारला. बाईंचें माहेर रत्नागिरीचें. सध्यां बिऱ्हाड पुण्यास शनिवार पेठेंत. ब्रह्मदेशाचें राज्य इंग्रजांनीं १८८५ सालीं जिंकलें आणि पुढच्याच वर्षीं पदच्युत थिबा राजास रत्नागिरीस आणून ठेवलें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. राजा आल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या परिवारांतील कोणी मंडालेहून बरोबर आणलेली ही माळ बाईंच्या पणजोबांस दिली, अशी त्यांच्या घरची सांगी. आई निवर्तल्यावर दोघी बहिणींनीं जिनसा वांटून घेतल्या, तेव्हां 'माळ अस्सल केरब्याची आहे' म्हणून थोरल्या बाईंनीं ती आपणाकडे ठेविली आणि सोन्याच्या पाटल्या धाकटीस दिल्या. पुढें एका सराफानें माळ पाहून ती अस्सल ठरविली, तर दुसऱ्यानें सगळी नकली. बाईंनीं घरीं मिठाच्या पाण्यांत ती टाकून पाहिली, तों ती तळाशीं गेली. "माझ्या वांट्यास काय आलें तेवढें सांगा," इतकेंच त्यांचें मागणें होतें.

केरबा म्हणजे लाखों-कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या वृक्षांचा चीक जमिनींत पुरला जाऊन घट्ट झालेला पदार्थ. ब्रह्मदेशांत हुकाँगच्या खोऱ्यांत सांपडणारा केरबा सुमारें दहा कोटि वर्षांचा आहे. संस्कृतांत यास तृणमणि म्हणतात. फारशी 'काहरुबा' या शब्दाचाही अर्थ गवत ओढणारा असाच. लोकरीवर घांसला असतां तो काडी ओढतो, म्हणून हें नांव. परंतु ही परीक्षा आज निरुपयोगी झाली आहे. कारण प्लॅस्टिकची फणीही केसांवरून फिरविली कीं कागदाचे कपटे ओढते. हातास ऊबदार लागणें हीही अशीच अर्धी खूण. कांचेचा मणी गालास लावला तर थंड लागतो आणि हातांत जड भरतो, केरब्याचा तसा नाहीं. म्हणून कांच तेवढी स्पर्शानें ओळखतां येते. प्लॅस्टिक मात्र केरब्याइतकेंच ऊबदार असतें.

स्पर्शानें जें कळत नाहीं तें वजनानें पुष्कळसें कळतें. समान आकाराच्या पाण्याहून केरबा अगदीं थोडा जड असतो. पाण्याचें घनत्व १ धरलें तर केरब्याचें बहुधा १.०५ ते १.१० भरतें. जुन्या नकली मण्यांत जें विशेष आढळतें तें बेकेलाइटच्या जातीचें प्लॅस्टिक १.२५ ते १.३० असतें, आणि सेल्युलॉइड त्याहूनही जड. आतां या दोहोंच्या मधल्या घनत्वाचें पाणी केलें, तर केरबा वर राहील आणि हीं प्लॅस्टिकें खालीं जातील. साध्या पाण्यांत मात्र दोन्ही बुडतात. म्हणून मिठाची योजना.

मीठ अदमासानें घालूं नये. थोडें पडलें तर खरा मणीही बुडतो; आणि विरघळेनासें होईपर्यंत घातलें तर पाण्याचें घनत्व १.२० पर्यंत चढून ॲक्रिलिकचे १.१८ घनत्वाचे मणीही तरंगूं लागतात. २५० मिलिलिटर पाण्यांत ५० ग्रॅम मीठ पुरतें विरघळवावें, म्हणजे घनत्व १.१२ च्या जवळपास येतें. खातरजमा करावयाची असल्यास या पाण्याचे मापून घेतलेले १०० मिलिलिटर तोलावे. ते सुमारें ११२ ग्रॅम भरले पाहिजेत.

बाईंची चूक मिठांत नव्हती, माळ ओवलेली तशीच पाण्यांत सोडण्यांत होती. माळेस चांदीचा फांसा होता व मण्यामण्यांत पितळेच्या बारीक टिकल्या होत्या. त्यांच्या भारानें सर्वच मणी तळाशीं गेले. आम्हीं बाईंच्या देखत दोरा कापला, मण्यांचा क्रम कागदावर लिहून ठेविला, आणि प्रत्येक मणी कोमट पाण्यांत मऊ कुंचल्यानें पुसून भोंकांतला मळ सुईनें अलगद काढला. भोंकांत हवेचा बुडबुडा अडकला तर बुडणारा मणीही तरंगतो. म्हणून मणी पाण्यांत सोडल्यावर चमच्यानें दोन-तीन वेळां कलता करून बुडबुडा निघूं द्यावा लागतो.

एकंदर मणी १९ होते. एकेक करून सोडतां ११ सरळ तळाशीं गेले व ८ वर आले. बाईंचा चेहरा उतरला. आणि आठ मणी तरी खरे, असें त्या स्वतःस समजावूं लागल्या. आम्हीं त्यांस थांबविलें. मिठाच्या पाण्याचा निर्णय एकाच बाजूनें भरंवशाचा असतो. बुडालेला मणी बहुतेक नकली. पण तरंगलेला मणी खरा, असें मात्र म्हणतां येत नाहीं.

बुडालेल्यांचा पक्का निर्णय करण्यासाठीं ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा लहान कांटा घेतला. मणी प्रथम कोरडा तोलला, तो ८.८२ ग्रॅम भरला. मग कांट्यावर पाण्याचा पेला ठेवून आंकडा शून्यावर आणला, आणि मणी बारीक दोऱ्यास बांधून पेल्याच्या तळास वा कडेस न लागेल असा पाण्यांत बुडता धरला. कांट्यानें ७.०० दाखविले. मण्यानें बाजूस सारलेल्या पाण्याचें हें वजन होय. ८.८२ ला ७ नीं भागिलें असतां १.२६ येतात, आणि हें बेकेलाइटच्या जातीचें घनत्व आहे. बाकीचे दहाही याच्या आसपासच आले. येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. ब्रह्मदेशी केरब्यांत कधीं कधीं चुनखडीसारख्या खनिजाच्या पांढऱ्या शिरा असतात. असा मणी खरा असूनही जड भरूं शकतो. म्हणून भिंगांतून पाहून शिरा नाहींत अशी खात्री करून घ्यावी. या अकरा मण्यांत एकही शीर नव्हती. उलट एकाच्या भोंकाच्या कडेस सुईनें खरवडतां बारीक, वळलेला छिलका निघाला. केरबा असा सोलला जात नाहीं. त्याची भुकटी पडते.

राहिले आठ. त्यांतील एक मणी ४.३२ ग्रॅमचा होता व त्यानें ४.०० ग्रॅम पाणी सारलें, म्हणजे घनत्व १.०८. दुसरा ४.२४ ग्रॅमचा; त्यानेंही ४.०० च सारलें, म्हणजे १.०६. दोन्ही आंकडे केरब्याच्या मर्यादेंत बसतात, आणि अडचण नेमकी येथेंच आहे. चंद्रूस म्हणून जो चीक आपल्याकडे वार्निशासाठीं प्रसिद्ध आहे, त्याचेंही घनत्व हेंच. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत झांजिबारचा चंद्रूस मुंबईस येई व तेथून युरोपांत 'बाँबे कोपल' या नांवानें जाई. तोही झाडाचाच चीक. मात्र केरब्याच्या मानानें अगदीं कोंवळा, त्यामुळें तो पुरता पिकून घट्ट झालेला नसतो. रंग तोच, ऊब तीच, वजन तेंच. पॉलिस्टायरीन नांवाचें हलकें प्लॅस्टिकही १.०५ चें असल्यामुळें याच टोळींत तरंगतें. घनत्व येथें हात टेकतें.

अशा वेळीं तापलेली सुई टोंचून वास घेण्याची चाल आहे. आम्ही ती सुचवीत नाहीं. मण्यावर कायमचा डाग पडतो, आणि सेल्युलॉइड असल्यास तो पेट घेतो. त्यापेक्षां नखांचा रंग काढण्याचा ॲसिटोन बरा. तो दिव्यापासून दूर वापरावा आणि बुडालेल्या मण्यांस लावूं नये. भोंकाजवळच्या न दिसणाऱ्या जागीं काडीच्या टोंकानें एकच थेंब लावून अर्ध्या मिनिटानें बोट टेकावें. चंद्रूस किंवा पॉलिस्टायरीन असेल तर जागा चिकट होऊन बोटाचा ठसा उमटतो. केरबा तेवढ्या अवधींत ढिम्म राहतो. मण्यावर जुनें वार्निश असल्यास तेंच चिकट होऊन फसगत होते, म्हणून प्रथम एक थेंब लावून तो पुसावा आणि मग त्याच जागीं दुसरा लावावा.

आठांपैकीं पांच मणी चिकट झाले. ते तळहातांत जोरानें चोळतां राळेचा मंद वास आला, तेव्हां ते प्लॅस्टिक नसून चंद्रूस होत हें कळलें. त्यांच्या अंगावर उथळ भेगांचें बारीक जाळें होतें. पण जुन्या केरब्यासही भेगा पडतात, म्हणून तेवढ्यावरून आम्हीं कांहीं ठरविलें नसतें. उरलेले तीन, तांबूस तपकिरी रंगाचे, तसेच कोरडे राहिले. ते केरब्याचे आहेत असें आम्ही म्हणतों. मात्र केरब्याचा चुरा उष्णतेनें दाबून केलेले मणीही या सर्व परीक्षांत उतरतात. तो भेद, व केरबा ब्रह्मदेशचा कीं बाल्टिक किनाऱ्याचा हें, प्रयोगशाळेंत अवरक्त प्रकाशाच्या वर्णपटावरून पाहावें लागतें.

आतां घरच्या सांगीचें काय? बेकेलाइट १९०७ सालीं प्रथम तयार झालें. तेव्हां ते अकरा मणी १८८५ सालीं मंडालेहून निघणें शक्यच नाहीं. पण म्हणून सारी सांगी खोटी ठरत नाहीं. माळ तुटते, मणी हरवतात, आणि मागाहून कोणी जवळच्या रंगाचे मणी आणून ती पुरी करतो. कागदावरील क्रम पाहतां ते तीन मणी माळेच्या मध्यावर एकाशेजारीं एक होते. मूळ माळेचे तेवढेच उरले असावेत, असा तर्क होऊं शकतो. थिबाच्या घरचे ते होते किंवा नाहीं हें मीठही सांगणार नाहीं आणि ॲसिटोनही.

मणी साध्या पाण्यानें दोनदां धुऊन, भोंकांतलें मीठ निघालें हें पाहून, सावलींत वाळविले व पूर्वीच्याच क्रमानें ओवून दिले. मीठ आंत राहिलें तर त्याचे खडे बनून भोंकाच्या कडा फुटतात. बाईंनीं निकाल धाकट्या बहिणीस पत्रानें कळविला. पाटल्यांविषयीं त्यांनीं अवाक्षरही लिहिलें नव्हतें. परवां धाकट्या बहिणीचें उत्तर आलें, तें त्यांनीं आम्हांस दाखविलें: "ताई, एक पाटली तुझी. तीनांतला एक मणी मला दे."