डब्यावर साहेबांचा फोटो आहे, परवाना नंबर कुठे आहे?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. काहींना झोंबेल, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या महिन्यात आपल्या गावात "आरोग्य किट" वाटप झालं. स्टेज, हार-तुरे, फोटो, सगळं झालं. बातमी मीच लावली होती, तीन कॉलमची. किटमध्ये एक डिजिटल थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर आणि वाफ घ्यायचं भांडं. डब्यावर पुढच्या बाजूला साहेबांचा हसरा फोटो. मागची बाजू मी त्या दिवशी पाहिलीच नाही. पत्रकार म्हणून ही माझी चूक, ती आधी कबूल करतो.

मागची बाजू पाहायची वेळ आली ती आमच्या गल्लीतल्या नानांमुळे. नाना एकाहत्तर वर्षांचे. चार दिवस ताप-खोकला होता, पाचव्या दिवशी धाप लागायला लागली. त्यांचा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला. "दादा, बाबांना दम लागतोय, पण मशीन तर ९८ दाखवतंय. सकाळी नेऊ का दवाखान्यात?" मी गेलो. नाना खाटेवर उठून बसलेले, एक वाक्य बोलायला दोनदा थांबत होते. मशीनवर ९८ आणि नाडी ७२. मी सहज त्यांचं मनगट धरलं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. ११२ ठोके भरले. मशीन म्हणतंय ७२! म्हणजे जे यंत्र साधे ठोके मोजू शकत नाही, त्याच्या ९८ वर विसंबून आम्ही सकाळची वाट बघणार होतो. रिक्षा बोलावली. दवाखान्यातल्या मॉनिटरवर ऑक्सिजन ८६ निघाला. न्यूमोनिया होता. नाना आता घरी आहेत, बरे आहेत, म्हणूनच हे लिहायची हिंमत करतोय.

आता ठोक्यांचा आणि ऑक्सिजनचा काय संबंध, असं विचाराल. संबंध सगळा तिथेच आहे. हे यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतं, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजनवालं रक्त आणि बिनऑक्सिजनचं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण बोटात हाड आहे, कातडी आहे, स्थिर रक्त आहे, तेही प्रकाश शोषतं. मग धमनीतलं रक्त वेगळं ओळखायचं कसं? १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरनं त्याची युक्ती काढली: प्रत्येक ठोक्याला जेवढा भाग फुगतो आणि ओसरतो, तेवढाच हिशेबात धरायचा. म्हणजे ठोका सापडला तरच ऑक्सिजन सापडतो. ठोका चुकला तर वरचा आकडा म्हणजे मटक्याचा आकडा.

दुसऱ्या रविवारी मी, ओळखीचे एक डॉक्टर आणि किटमधली तीन मशीन असे बसलो. तुलनेला डॉक्टरांचं स्वतःचं चांगल्या कंपनीचं ऑक्सिमीटर. चौघांनीही माझ्या बोटावर ९७-९८ दाखवलं. मी म्हटलं, बघा, बरोबर तर आहे. डॉक्टर हसले. म्हणाले, "निरोगी माणसाला ९७ सांगायला मशीन कशाला लागतं? ते मीही न बघता सांगतो. खरी परीक्षा नव्वदच्या खाली असते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. स्वस्त यंत्रांची गंमत हीच आहे की तुम्ही ठणठणीत असता तेव्हा ती बरोबर असतात आणि तुम्ही आजारी पडता तेव्हा चुकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत सहा स्वस्त ऑक्सिमीटर तपासले होते. निरोगी माणसांचा ऑक्सिजन मुद्दाम, देखरेखीखाली कमी करून, धमनीतल्या रक्ताशी ताडून. सहापैकी चार नापास झाले. ऑक्सिजन जितका खाली, तितकी चूक मोठी.

डॉक्टरांनी मग माझ्यावरच प्रयोग केला. खुर्चीत बसवलं, श्वास सोडायला लावला आणि रोखून धर म्हणाले. चाळीस सेकंद कसेबसे निघाले. बोटापर्यंत फरक पोचायला वेळ लागतो, म्हणून श्वास सोडल्यावर थोड्या वेळानं डॉक्टरांच्या मशीनवर आकडा ९२ पर्यंत उतरला आणि परत चढला. दुसऱ्या हातावर किटमधलं मशीन होतं. ते आपलं ९८. ढिम्म. हा प्रयोग घरी म्हाताऱ्यांवर, दमेकऱ्यांवर, हृदयरोग्यांवर, गरोदर बाईवर अजिबात करू नका. आणि निरोगी माणसाचाही आकडा कधीकधी उतरत नाही, तेवढ्यावरून मशीन खोटं ठरत नाही.

शेवटी पेन अडकवला. किटच्या तिन्हीपैकी दोन मशीननी पेनाचा ऑक्सिजन ९७ सांगितला, नाडी ७४. पेन तब्येतीनं उत्तम आहे! (चांगलं मशीनही प्रकाशानं गोंधळून क्षणभर काहीबाही दाखवू शकतं, हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं. पण मिनिटभर स्थिर आकडा आणि वर नाचणाऱ्या रेषा? चांगलं यंत्र तिथे नुसत्या आडव्या रेघा दाखवून गप्प बसतं.)

थर्मामीटरची तपासणी त्याहून सोपी आहे, कोणीही करू शकतं. बर्फाच्या पाण्यात घालू नका, तापाचं डिजिटल थर्मामीटर ३२ अंश सेल्सिअसच्या खाली फक्त `Lo` दाखवतं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये कोमट पाणी घ्या, बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढं. कढत नको. ज्याच्यावर भरवसा आहे ते एक आणि तपासायची दोन अशी रबरबँडनं एकत्र बांधा, धातूची टोकं एका रेषेत. टोकंच फक्त बुडवा, सगळी एकाच वेळी, आणि पाणी चमच्यानं हलवत राहा. ही यंत्रं सगळ्यात जास्त आलेला आकडा धरून ठेवतात, म्हणून एक आधी आणि एक नंतर असं केलं तर तुलना फसते. आमच्याकडे डॉक्टरांचं थर्मामीटर १००.८ फॅरेनहाइट, माझ्या घरचं १००.६, आणि किटमधलं ९९.१. बंद करून परत केलं, परत तोच फरक. चांगल्या डिजिटल थर्मामीटरची चूक ०.२ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते, म्हणजे दोन चांगली यंत्रं एकमेकांपासून फार तर ०.४ नं लांब असतील. इथे दीड अंशाचा फरक आहे. ज्या पोराला १०१ ताप आहे त्याला हे साडेनव्व्याण्णव सांगणार, आणि आई त्याला शाळेत पाठवणार.

एक घरगुती चूकही सांगतो, त्यात मशीनचा दोष नाही. काखेत लावलं की बीप वाजल्यावर लगेच काढू नका. काख गरम व्हायला वेळ लागतो, हात घट्ट मिटून चारेक मिनिटं ठेवा. तरीही काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमीच येतो. कपाळावर रोखायच्या बंदुकीबद्दल मी फार लिहीत नाही. उन्हातून आलेला, घामानं भिजलेला माणूस आणि ती बंदूक, या जोडीवर माझा विश्वास नाही. घरात एकच घ्यायचं असेल तर साधं टोकाचं डिजिटल घ्या.

तर मी डबा उलटा केला. उत्पादकाचं नाव नाही. पत्ता नाही. बॅच नंबर नाही. परवाना नंबर नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम सांगतात की हे सगळं लेबलवर पाहिजे. इथे बनवलेलं असेल तर उत्पादन परवान्याचा नंबर, बाहेरून आणलेलं असेल तर आयात परवाना आणि आणणाऱ्याचं नाव-पत्ता. डब्यावर होतं फक्त "उत्तम दर्जा" आणि छापील किंमत २,४९९. बाजारात तसलं मशीन चारशेला मिळतं. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारनं ऑक्सिमीटर आणि डिजिटल थर्मामीटरसह पाच उपकरणांवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती नेमकी असल्याच छापील किमतींमुळे.

कार्यालयात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "सगळ्यात कमी कोटेशन ज्याचं, त्याचं घेतलं. आणि फुकट दिलंय ना? फुकटात पण चुका काढता तुम्ही लोक."

हेच मला मान्य नाही. फुकट साडी विटकी निघाली तर माणूस ती नेसत नाही, विषय संपला. फुकट ऑक्सिमीटर खोटं निघालं तर माणूस दवाखान्यात उशिरा जातो. ज्या घरात मशीनच नाही, तिथला पोरगा बापाची धाप बघून रात्रीच रिक्षा बोलावतो. नानांच्या मुलाला थांबवलं ते याच मशीननं.

गावातले एक मेडिकलवाले मला म्हणाले, "साहेब, सगळं चायनाचंच असतं, नावात काय आहे?" अर्धं खरं आहे. तिकडे उत्तम ऑक्सिमीटर बनतात आणि कचराही बनतो. देश बघू नका, चुकलं तर कोणाला धरायचं ते बघा. ओमरॉन, बीपीएल, अलीगढचं हिक्स, किंवा खिसा मोठा असेल तर नोनिन, मासिमो. ही नावं मी घेतो ती यासाठी की मागे कंपनी आहे, पत्ता आहे, वॉरंटी आहे, तक्रार घ्यायला माणूस आहे. पण नावाच्याही नकला निघतात, म्हणून पक्की पावती घ्या आणि डब्यावरचा नंबर मशीनवरच्या नंबरशी जुळवा. आतल्या कागदावर अचूकता आणि आयएसओ ८०६०१-२-६१ हे मानक लिहिलंय का बघा. ऑक्सिमीटरवर बोटाच्या नाडीची लाट दिसणारं असेल तर बरं. दुकानातच लावा, मनगट धरा, मिनिटभर ठोके मोजा. आठ-दहा ठोक्यांचा फरक आला तर परत द्या.

आणि चांगल्या मशीनचीही मर्यादा ऐका. कागदावर "±२" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ साधारण तीनपैकी दोन वेळा चूक दोनच्या आत. म्हणजे ९२ दिसलं तर खरा आकडा ८८ ते ९६ मध्ये कुठेही असू शकतो. सावळ्या कातडीवर यंत्र आकडा जास्त दाखवण्याकडे झुकतं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवर दिसलं आणि तिथल्या औषध प्रशासनानं पुढच्या वर्षी तशी सूचनाही काढली. आपण उन्हातली माणसं, आपण हे लक्षात ठेवलं पाहिजे. पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, नेलपॉलिश काढून बघा, आणि एका आकड्यापेक्षा सकाळ-संध्याकाळचा उतार बघा. ९४ च्या खाली जायला लागला तर डॉक्टरांना फोन, नव्वदच्या जवळ आला तर थेट दवाखाना. ज्यांना जुना फुप्फुसाचा आजार आहे त्यांचा आकडा डॉक्टरांनी ठरवून दिलेला असतो, तो वेगळा. आणि धाप लागली असेल तर मशीन काय म्हणतंय ते विचारूच नका.

अन्न व औषध प्रशासनाकडे मी सोमवारी लेखी तक्रार देतोय, तीन मशीन आणि डब्यासकट. ज्यांच्या घरी ते किट आलंय त्यांनी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो कमेंटमध्ये टाका. मनगटावर मोजलेले ठोके आणि मशीनवरचे ठोके, दोन्ही आकडे लिहा. पुढची बाजू नको, ती सगळ्यांनी पाहिलीय.