चिवड्याचं तळण: पोह्यांना सेकंद, शेंगदाण्यांना मिनिटं

पातळ पोह्यांचा चिवडा म्हटलं की बहुतेक घरांत पोहे भाजले जातात. पण तेच पोहे तळले, तर चिवडा पार वेगळा लागतो. पोहे फुलतात, पांढरेशुभ्र राहतात आणि दाताखाली नुसते चुरचुरतात. मग तळायचं धाडस फारसं कुणी का करत नाही? कारण बऱ्याचदा पोहे तेलकट होतात आणि दोष पोह्यांना लागतो. खरं तर चूक तेलाच्या तापमानात असते.

आधी पोह्यांबद्दल. तुम्ही बंगळुरूत असाल तर दुकानात 'अवलक्की' मागा, चेन्नईत 'अवल', हैदराबादेत 'अटुकुलु', पण सोबत 'पातळ' हे सांगायला विसरू नका. मात्र कागदासारखे अगदी झिरझिरीत नायलॉन पोहे तळायला घेऊ नका. ते झाऱ्यावर येईपर्यंत चुरा होतात, ते भाजलेलेच बरे. पोहे चाळणीने नीट चाळा. खाली पडणारा भुगा तेलात गेला की जळतो आणि त्याचे काळे ठिपके पुढच्या प्रत्येक घाण्याला चिकटतात.

आता पाव किलो पोहे आणि १०० ग्रॅम शेंगदाणे घेऊ. कढई तेलाने निम्मीच भरा, कारण पोहे पडताच तेल फसफसून वर येतं. पहिला नंबर शेंगदाण्यांचा. दाणा जाड असतो, त्याच्या आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. तेल फार तापलेलं असेल तर वरून लाल आणि आतून कच्चा असा प्रकार होतो. म्हणून तेल मध्यम तापलं की दाणे सोडा. एक दाणा टाकून बघा, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे यायला हवेत, धडाधड उसळायला नको. मध्यम आचेवर हलवत राहा. तीन-चार मिनिटांत तडतड कमी होते आणि साल थोडी गडद दिसू लागते. हवा तसा रंग येण्याच्या थोडं आधीच दाणे काढा, कारण बाहेर आल्यावरही ते आतल्या उष्णतेने शिजत राहतात. गरम दाणा मऊच लागतो, त्यामुळे लगेच चावून 'अजून कच्चेच आहेत' असं ठरवू नका.

तेलात राहिलेली सालं गाळणीने काढून टाका आणि आच वाढवा. पोह्यांचं गणित उलटं आहे. पोह्यात जो थोडा ओलावा असतो, त्याची कडक तेलात क्षणात वाफ होते आणि ती वाफ पोह्याला फुलवते. तेल कोमट असेल तर ओलावा हळूहळू निघून जातो, पोहा फुलत नाही, आकसतो, वातड होतो आणि वर तेलही पितो.

तीन-चार पोहे टाकून बघा. तळाशी जाऊन लगेच फुलून वर आले तर तेल तयार आहे. खाली बसून राहिले तर थांबा. टाकताक्षणी तांबूस झाले किंवा तेलातून धूर निघाला तर आच कमी करा. घरात तेलाचा थर्मामीटर असेल तर साधारण १९० अंश सेल्सिअसच्या आसपास बघा.

पोहे लांब दांड्याच्या, बारीक जाळीच्या स्टीलच्या गाळणीत घेऊन गाळणीच तेलात बुडवा. झाऱ्याने पोहे गोळा करत बसलात तर अर्धे जळतात. गाळणी मात्र कोरडी हवी, पाण्याचा थेंबही नको. एका वेळी मूठभरच घ्या. तीन ते पाच सेकंदांत पोहे फुलतात. बुडबुडे ओसरायची वाट न बघता उचला. पुढच्या घाण्याआधी अर्धा मिनिट तेल पुन्हा तापू द्या. घाई करून लागोपाठ टाकलेले शेवटचे घाणेच नेहमी तेलकट होतात.

खरी कसोटी निथळण्यात आहे. तेल पोह्यात शिरतं ते मुख्यतः बाहेर काढल्यावर. आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून गाळणी कढईवरच तिरकी धरून हलकेच झटका, मनात दहा मोजा आणि मग टिश्यू पसरलेल्या मोठ्या ताटात पोहे पातळ पसरा. ढीग केलात तर वाफेने मऊ पडतात, झाकलंत तरी तेच. वर्तमानपत्र नको, शाई पदार्थाला लागते. पहिल्या घाण्याखालचा टिश्यू उचलून पाहा. मोठा तेलाचा डाग दिसला तर दुसऱ्या घाण्याला आच वाढवा.

पोहे कोमट असतानाच मीठ आणि पिठीसाखर भुरभुरवा. फोडणीला मात्र चमचा-दीड चमचा तेल पुरे, पोह्यांत आधीच तेल आहे. दाणे आणि पोहे पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करा, आणि डब्याचं झाकण त्यानंतरच लावा.