कळलावीचे चित्र

वनस्पतीचे हुबेहूब चित्र काढणे ही निव्वळ नक्कल होय, तीत कला ती कसली, असे पुष्कळांना वाटते. हा समज खरा नव्हे. कळलावीच्या चित्राचा विचार केला, म्हणजे हे सहज ध्यानात येईल.

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी ही वेल. तिच्या पानांची टोके दोऱ्यासारखी वळतात आणि आधाराला विळखा घालतात. फुलाच्या सहा पाकळ्यांचे काठ नागमोडी असून त्या मागे वळून ज्वाळांसारख्या उभ्या राहतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चोहोकडे पसरतात. स्त्रीकेसराचा दांडा मात्र सरळ न जाता बुडाशीच काटकोनात वाकून एका अंगाला जातो. तो सरळ दाखवला तर फूल अधिक रेखीव दिसेल, असा मोह चित्रकाराला होतो. परंतु तो वाक हीच या फुलाची एक मोठी खूण आहे. ती पुसली, की चित्र सुंदर झाले तरी ते कळलावीचे राहत नाही.

मग चित्रकाराला स्वातंत्र्य मुळीच नाही काय? आहे. पानाला किड्याने पाडलेले भोक तो वगळू शकतो, कारण ते भोक वेलीच्या जातीचे लक्षण नव्हे. दांड्याचा वाक वगळू शकत नाही, कारण तो त्या जातीचा स्वभाव आहे. छायाचित्र त्या दिवशीची ती एक वेल दाखवते. चित्रकार त्या जातीच्या साऱ्या वेलींत समान असलेले रूप दाखवू शकतो.

रंगाचेही तसेच. कळी हिरवट असते. उमललेल्या फुलाच्या पाकळ्या बुडाशी पिवळ्या व टोकाशी तांबड्या असतात आणि फूल जुने होते तसतसा तांबडा रंग खाली पसरतो. एकच फूल काढले तर ही हकीकत अपुरी राहील. म्हणून कळी, ताजे फूल आणि जुने फूल एकाच फांदीवर दाखवावे. मागाहून येणारे फळ आणि जमिनीखालचा विषारी कंद कागदाच्या एका कोपऱ्यात स्वतंत्र काढावा. कोणते फूल समोर वळवावे, वेल कोठून कोठे न्यावी आणि कागद किती कोरा ठेवावा, हे मात्र चित्रकाराने ठरवायचे. चित्राचे सौंदर्य या निवडीतून येते.

पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी बागेत १८४७ ते १८५० या काळात अलेक्झांडर गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. नाव हरपले तरी चित्रे टिकली, कारण त्यांवरून आजही वनस्पती ओळखता येतात.

चित्र हाती घेऊन कुंपणावरची नेमकी तीच वेल शोधता आली पाहिजे. या कसोटीला उतरल्यावर जे सौंदर्य उरते, तेच वनस्पतिचित्राचे खरे सौंदर्य होय.