घेताना पॅन, देताना नाव

प्राप्तिकराचा परतावा ही सरकारने दाखवलेली मेहेरबानी नाही. देय करापेक्षा जास्त कापून घेतलेली ती करदात्याचीच रक्कम असते आणि हिशेब झाल्यावर ती परत करणे हे सरकारचे काम आहे. तरीही विवरणपत्रांचा हंगाम संपला की दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. विवरणपत्र तपासून झाले, परतावा मंजूर झाल्याची सूचना ईमेलवर आली, रक्कमही ठरली. पण खात्यात दमडी आलेली नाही. कारण काय, तर बँक खाते ‘व्हॅलिडेट’ नाही किंवा खात्यावरचे नाव पॅनवरच्या नावाशी जुळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला. जुन्या कायद्यातली ८१९ कलमे ५३६ वर आणली, भाषा सोपी केली, असे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. कलमे कमी झाली हे चांगलेच झाले. परंतु ज्या जागी सामान्य माणसाचे पैसे प्रत्यक्षात अडकतात, ती जागा कायद्यात नाही. ती संगणकाच्या पडद्यावरच्या एका लाल शेऱ्यात आहे आणि तिला कोणी हात लावलेला नाही.

हा प्रश्न तुरळक लोकांचा आहे, असे म्हणून कोणी तो झटकू नये. ५ सप्टेंबर २०२३ रोजी प्राप्तिकर विभागानेच निवेदन काढून सांगितले होते, की परतावे निश्चित झाले आहेत, पण करदात्यांनी खात्याची पडताळणी न केल्याने ते पाठवता येत नाहीत. पुढच्याच महिन्यात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गुप्ता यांनी आकडा सांगितला : अशी सुमारे ३५ लाख प्रकरणे. करदात्यांशी बोलण्यासाठी म्हैसूरच्या कॉल सेंटरची मदत घ्यावी लागली. विशेष म्हणजे कारणांमध्ये त्यांनी बँकांचे विलीनीकरण आणि बदललेले आयएफएससी यांचाही उल्लेख केला होता. बँका विलीन करण्याचा निर्णय खातेदारांनी घेतला नव्हता. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, तेव्हा कोणाला विचारले नव्हते. कोड सरकारच्या निर्णयाने बदलले आणि पडताळणी नव्याने करण्याची जबाबदारी मात्र खातेदाराच्या गळ्यात पडली.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून साधा आहे. कर घेताना सरकारला पॅन पुरतो. परत देताना पॅन पुरत नाही, नावही जुळावे लागते.

एक उदाहरण हिशेबासकट पाहू. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत, वय ६४. निवृत्तिवेतन वर्षाला ३ लाख ६० हजार. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मुदत ठेवीत ठेवलेले, त्याचे २०२४-२५ या वर्षातले व्याज १ लाख २० हजार. बँकेने त्यावर १० टक्के दराने १२ हजार रुपये कर कापला. वर्षाच्या सुरुवातीला १५एच हा फॉर्म भरून दिला असता तर हा कर कापलाच गेला नसता, पण ते त्यांना बँकेत कोणी सांगितले नाही. बाईंचे एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत. नव्या कररचनेत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत कर शून्य होता. म्हणजे पूर्ण १२ हजार परत मिळायला हवेत. त्यांनी मुदतीत विवरणपत्र भरले, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते तपासून झाले. एप्रिलपासून सात महिन्यांचे, दरमहा अर्धा टक्का दराने ४२० रुपये व्याज धरून १२,४२० रुपये मंजूर झाले.

आणि ते आले नाहीत. त्यांच्या पॅनवर नाव आहे ‘सुनंदा रमेश जाधव’. पगाराचे खाते तीस वर्षांपूर्वी शाळेच्या यादीवरून उघडलेले, तिथे नाव आहे ‘जाधव एस. आर.’. माणूस एकच, सही एकच, खाते तेच. संगणकाने दोन नावे शेजारी ठेवली आणि ‘नाव जुळत नाही’ असा शेरा मारला.

आता यातली खरी मेख पाहा. बँकेकडे पॅन नसता तर व्याजावर १० नव्हे, २० टक्के कर कापावा लागला असता. तिने १० टक्केच कापला, याचा अर्थ या बाईंचा पॅन बँकेने स्वीकारला होता. कापलेला कर त्याच पॅनवर जमा दाखवला, तो २६एएसमध्ये उमटला, व्याजाची माहितीही त्याच पॅनखाली विभागाला गेली. तेव्हा ‘जाधव एस. आर.’ कोण, असे बँकेनेही विचारले नाही आणि विभागानेही विचारले नाही. मग पैसे परत करायची वेळ आल्यावरच ही बाई कोण, असा प्रश्न कसा पडतो?

खात्याची खातरजमा करायलाच नको, असे कोणी म्हणत नाही. पूर्वी टपालाने येणारे धनादेश हरवत, भलत्याच्या हाती पडत. खोटे परतावे उचलणाऱ्या टोळ्याही देशाने पाहिल्या आहेत. मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅन जोडलेल्या खात्यातच देण्याचे ठरले, त्यामागे कारण होते. पण पॅन जोडलेला आहे, खाते चालू आहे आणि फरक केवळ आद्याक्षरांचा किंवा क्रमाचा आहे, अशा ठिकाणी अडवणूक केल्याने कोणता लबाड सापडतो? तो तर नाव नीट जुळवूनच येतो.

महाराष्ट्रात या नियमाचा फटका कोणाला बसतो, हे दिल्लीत बसून कळणे कठीण आहे. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची जुनी सरकारी सवय. मधले नाव लग्नाआधी वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. कितीतरी घरांत बाईचे पहिले नावही बदललेले. पॅन काढला माहेरच्या नावाने, खाते सासरच्या नावाने, आधारवर तिसरेच. पुरुषाचे नाव जन्मभर एकच राहते, त्यामुळे हा शेरा बायकांच्या वाट्याला जास्त येतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. त्यात ज्यांचा व्यवहार पतसंस्थेत आहे, त्यांना ते खाते परताव्यासाठी देताच येत नाही.

दुरुस्तीचा मार्ग आहे, पण तो नेमका कुठून सुरू करायचा हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. पॅन आणि आधारवरचे नाव एकच असेल तर पॅनला हात लावू नये. बँकेच्या सोयीसाठी पॅन बदलला की आधारशी जोडणीचे नवे लचांड मागे लागते. शाखेत जाऊन पॅन व आधारच्या प्रती आणि गरज असल्यास विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र देऊन केवायसीमधले नाव बदलून घ्यावे. पॅन आपल्या ग्राहक क्रमांकाला जोडलेला आहे ना, हे तिथेच तपासून घ्यावे आणि अर्जाची पोच घ्यावी. मग प्राप्तिकराच्या पोर्टलवर `My Bank Account` मध्ये `Re-validate` करावे. शेरा `Validated` असा बदलला की तेच खाते परताव्यासाठी निवडावे. घाई असेल तर नाव जुळणारे दुसरे खाते जोडता येते.

अनेकांना वाटते, की एवढे केले म्हणजे झाले. तसे नाही. एकदा परत गेलेला परतावा बहुतेक वेळा आपोआप पुन्हा निघत नाही. `Services` खाली `Refund Reissue` मध्ये वेगळी विनंती करावी लागते आणि ती आधारच्या ओटीपीसारख्या मार्गाने प्रमाणित करावी लागते. ही शेवटची पायरी न कळल्यामुळे खाते दुरुस्त करूनही महिनोन्महिने वाट पाहणारे लोक आहेत. सातारच्या त्या बाईंना शाखेत एक फेरी, केवायसी विभागाकडून उत्तर यायला पंधरवडा, मग पुतण्याच्या संगणकावर पडताळणी आणि शेवटी ही विनंती, असा प्रवास १२,४२० रुपयांसाठी करावा लागतो. ते पैसे त्यांचे आहेत.

या काळातल्या व्याजाचे काय? जुन्या कायद्यात करदात्यामुळे झालेला उशीर व्याजातून वगळण्याची तरतूद आहे आणि तो उशीर कोणामुळे झाला, हे ठरवणार विभागाचेच वरिष्ठ अधिकारी. करदात्याने कर भरायला उशीर केला, तर मात्र व्याज महिन्याला एक टक्का, म्हणजे सरकार देते त्याच्या दुप्पट. बँकेच्या दप्तरात तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या आद्याक्षरांचा भुर्दंड निवृत्त शिक्षिकेने का सोसायचा?

दुसरी बाजू आणखी गंभीर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये लोकांच्या मोबाइलवर संदेश फिरत होता, की तुमचा १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासा आणि या दुव्यावर जा. तो खोटा असल्याचा इशारा सरकारच्याच पीआयबीला द्यावा लागला. त्याच सुमारास विभाग खऱ्या करदात्यांना सांगत होता, की परतावा अडला आहे, खाते तपासा. दोन संदेशांत फरक ओळखायचा कसा? परतावा अडकल्याने चिंतेत असलेला माणूस दुव्यावर बोट ठेवतोच. अडकलेले लाखो परतावे म्हणजे भामट्यांसाठी तयार ठेवलेले सावज आहे, हे अर्थ मंत्रालयाला दिसत नसेल तर नवल आहे.

आणि हा रोग फक्त प्राप्तिकराचा नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेत २०२४ मध्ये आधार न जोडलेल्या खात्यांमुळे बायकांनी बँकांपुढे रांगा लावल्या, त्या राज्याने पाहिल्या. कागदावरची नावे एकमेकांशी जुळवत बसण्याचे काम प्रत्येक सरकारी विभाग नागरिकावर ढकलतो आहे.

तेव्हा मागणी सरळ आहे. ज्या बँकेने एखाद्या पॅनवर कर कापून सरकारजमा केला, त्या बँकेतले त्या पॅनचे चालू खाते परताव्यासाठी आपोआप पडताळलेले धरावे. पॅन आणि खाते जुळत असताना आद्याक्षरे व नावाचा क्रम यांवरून परतावा परत पाठवू नये. नाव खरोखर वेगळे असेल तर ‘जुळत नाही’ एवढ्यावर न थांबता बँकेच्या दप्तरात काय लिहिले आहे, ते करदात्याला पडद्यावर दाखवावे. विलीनीकरणाने कोड बदलला तर पडताळणी बँकेनेच नव्याने करून द्यावी. केवायसीतले नाव बदलण्याच्या अर्जावर बँकेने किती दिवसांत निर्णय द्यायचा, याची मुदत ठरवावी आणि तोवरचे व्याज करदात्याला मिळावे. कोणत्या बँकेतून किती परतावे नाव न जुळल्याने परत आले, याचा आकडा अर्थ मंत्रालयाने दर तिमाहीला बँकांच्या नावानिशी जाहीर करावा आणि पहिला आकडा येत्या अधिवेशनात संसदेपुढे ठेवावा.