स्वप्नात पुन्हा पुन्हा तीच अनोळखी जागा

समजा, कुर्ला पूर्वेला नेहरूनगरमध्ये राहणारी चाळिशीची एक बाई आहे. रोज सकाळी स्टेशनचा पूल ओलांडून ती पश्चिमेला उतरते आणि शेअर रिक्षाने बीकेसीला जाते. तिला वर्षानुवर्षे एकच जागा स्वप्नात दिसते. लांबलचक पूल, त्याच्या जिन्यावरून खाली उतरले की मातीचे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन आणि मागे काळे पाणी. अशा जागेत जागेपणी ती कधीच गेलेली नाही, पण स्वप्नात तिला वाट तोंडपाठ असते. घरात कोणी 'मागच्या जन्मीचे गाव' म्हणते, कोणी जाणत्याकडे जायला सांगते. कोडे खरे असले तरी त्यासाठी मागच्या जन्मापर्यंत जायची गरज नाही.

त्या जागेचे तुकडे सुटे केले की बरेचसे उलगडते. पूल आणि जिना स्टेशनचा, अंगण कोकणातल्या आजोळचे, काळे पाणी रिक्षातून रोज दिसणाऱ्या मिठी नदीचे. तुकडे ओळखीचे, जोडणी मात्र नवी. ही जोडणी मेंदूच्या ज्या भागात होते असे मानले जाते, तो म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस. जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये उंदरांच्या या भागात अशा पेशी दाखवल्या, ज्या उंदीर ठरावीक ठिकाणी आला की चेतवल्या जातात. या कामासाठी त्यांना 2014 चे नोबेल मिळाले. पुढे 1994 मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना दिसले, की जागेपणी एकत्र चेतवलेल्या पेशी उंदीर झोपल्यावरही एकत्र चेततात. म्हणजे झोपलेला मेंदू दिवसाच्या वाटा पुन्हा चालतो. उंदराला स्वप्न पडते का, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून जरा सावधच राहावे.

पण दर वेळी तीच जोडणी का? सर्वांत पटणारे उत्तर साधे आहे. बहुतेक स्वप्ने उठल्यावर काही मिनिटांत विरून जातात. जे आठवते, जे चहा पिताना घरात सांगितले जाते, त्याची मात्र आठवण तयार होते. मग त्या पुलाखालचे अंगण हीसुद्धा आजोळाइतकीच एक आठवण होऊन बसते आणि पुढच्या स्वप्नाला तयार देखावा मिळतो. सांगण्याने जागा पक्की होत जाते.

दुसरी शक्यता अधिक चकवणारी आहे. जागा दर वेळी वेगळी असेल आणि 'इथे मी आधी आले आहे' ही भावनाच तेवढी परत येत असेल. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन क्लीअरी यांनी संगणकावर उभारलेल्या कृत्रिम ठिकाणांमधून लोकांना फिरवले. नव्या ठिकाणाची मांडणी आधीच्या एखाद्या ठिकाणासारखी असली, की ते आधीचे ठिकाण आठवत नसतानाही लोकांना नवे ओळखीचे वाटू लागले. ओळखीची भावना आणि खरी आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि झोपेत त्यांची शहानिशा करणारा मेंदूचा पुढचा भाग मंदावलेला असतो.

यातले आपल्या बाबतीत काय खरे, हे घरी तपासता येते. उशाशी कागद ठेवावा. जाग येताच, कोणाशीही बोलण्याआधी, जागेचा नकाशा काढावा : जिना डावीकडे की उजवीकडे, पायऱ्या किती, पाणी कुठल्या बाजूला. तारीख घालून कागद पाकिटात टाकावा आणि आधीचे कागद पाहू नयेत. पाच-सहा नकाशे जमले की शेजारी मांडावेत. जिना जागा बदलत असेल, तर परत येत होती ती फक्त भावना. जिना जागच्या जागी असेल, तर मेंदूने खरोखर एक जागा जपली आहे. या तपासणीतही एक खोट आहेच : काढलेला नकाशा स्वतःच ती जागा पक्की करतो. म्हणून पहिले दोन कागद जास्त विश्वासाचे.

अशी जागा दिसणे हा आजार नव्हे. काळजीची गोष्ट वेगळी आहे, आणि जाणत्याकडच्या फेऱ्यांमध्ये नेमकी तीच निसटते. भरदिवसा, जागेपणी, अचानक 'ही ती स्वप्नातलीच जागा' असे तीव्रतेने वाटणे, त्याबरोबर पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे होणे, नजर शून्यात लागणे, ओठ चघळल्यासारखे हलणे, मिनिट-दोन मिनिटांनी भानावर येऊन गोंधळणे, आणि हे सगळे पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने घडणे. हा मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातला अपस्माराचा झटका असू शकतो. त्यात हातपाय झाडले जातातच असे नाही, म्हणून घरच्यांना फिट आल्याचे कळत नाही. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे. जवळ असलेल्याने मोबाइलवर झटक्याचे चित्रण करून नेले, तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो, कारण दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईईजी पुष्कळदा नॉर्मल येतो.